साध्या मंगळवारचे मोदक

19 सप्टेंबर 2023, मंगळवार, गणेश चतुर्थी. पहाटे दोन वाजता मी कर्वेनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि भिंतीवर 44 डब्यांची यादी चिकटवलेली होती. एका डब्यात अकरा उकडीचे मोदक, म्हणजे 484. त्याआधी मी एका दिवसात जास्तीत जास्त दीडशे केले होते. पण ऑर्डरला ‘हो’ म्हणताना गुणाकार कोण करतो!

साडेचारपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग मी शहाणपणा केला. सारखी सारखी उकड काढण्यात वेळ जातो म्हणून मोठ्या पातेल्यात एकदम तीन किलो पिठीची काढली. उकडीचा स्वभाव असा, की ती गरम असताना तेल-पाण्याचा हात लावून मळायची आणि ऊब आहे तोवर वापरून टाकायची. तीन किलोची उकड गरम असेपर्यंत दोन हातांनी संपत नाही. ओल्या फडक्याखाली ठेवली, तरी वरून तिला साय धरल्यासारखा कोरडेपणा आला. वळताना काही कळलं नाही, पाकळ्या देखण्या आल्या. मोदकपात्राचं झाकण काढलं तेव्हा कळलं. एकेका मोदकाच्या पोटाला बारीक चीर आणि चिरेतून गुळाचं पाणी हळदीच्या पानावर. असे साठेक मोदक फुटले. सारण कमी पडलं, नारळ पुन्हा खवावे लागले, आणि पाच घरांचा नैवेद्य वेळेत पोचला नाही. पाचही जणांचे पैसे परत केले. त्यातल्या एका बाई फोनवर फक्त “असू दे” म्हणाल्या. त्यांनी नंतर कधीच ऑर्डर दिली नाही.

तरीही संध्याकाळी आरती झाल्यावर हिशोब मांडला तेव्हा डोळे चमकले. डबा 400 रुपयांचा. नारळ, गूळ, पिठी, तूप, वेलची, गॅस आणि खोका धरून खर्च 110. म्हणजे डब्यामागे 290 उरत होते. 39 डबे गेले, फुटलेल्या मोदकांचा माल वजा केला, तरी एका दिवसात साडेदहा हजारांच्या वर. माझा महिन्याचा हातात येणारा पगार 42 हजार. नवरा म्हणाला, “अगं, चार दिवसांत पगार निघेल की तुझा!” मी त्याच रात्री राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं. पाठवलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी बोटं इतकी सुजली होती की टाइप करायचा कंटाळा आला. हे विनोदाने लिहीत नाहीये, खरंच तेवढंच कारण होतं.

मी बाणेरच्या एका कंपनीत पगारपत्रकांचं काम करायची. नोकरी सोडून जाणाऱ्यांचा शेवटचा हिशोब काढणं हा माझ्या कामाचाच भाग होता. कोणाचं किती बुडलं, कोण दोन महिने थांबला असता तर किती मिळालं असतं, हे मी रोज बघत होते. स्वतःच्या बाबतीत मात्र मी एका दिवसाच्या गल्ल्यावर निघाले होते. आठवडाभराने डोकं थंड झालं आणि मनात साधा प्रश्न आला. चतुर्थीला पुण्यात कोणीही मोदक विकेल. चतुर्थी नसलेल्या मंगळवारी माझे मोदक कोण घेतं?

त्याचं उत्तर शोधायला मला नऊ महिने लागले.

सुरुवात वेळेपासून केली, कारण तो मोजणं सगळ्यात सोपं वाटलं. 30 डिसेंबरला शनिवारी संकष्टी होती. दहा डब्यांच्या ऑर्डर घेतल्या आणि वहीत घड्याळ लावून प्रत्येक काम लिहिलं. आदल्या संध्याकाळी नारळ फोडणं, खवणं आणि सारण शिजवणं यात अडीच तास गेले. सकाळी उकड काढून, मळून, वळून, वाफवायला साडेचार तास. खोके भरायला एक, भांडी आणि ओटा आवरायला एक. राहिला तो सामान आणणं, फोन घेणं, ‘अकराऐवजी एकवीस मिळतील का’ अशा निरोपांना उत्तरं देणं यातला दीड तास. एकूण साडेदहा. दहा डब्यांचे 2,900 भागिले साडेदहा, म्हणजे तासाला पावणेतीनशेच्या आसपास. नोकरीत जाण्यायेण्याचा वेळ धरला तर तासाला दोनशेही पडत नव्हते. मी खुशीत वही मिटली.

सासूबाई शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय गं, माझे तास कुठे लिहिलेस?”

मी गप्पच. त्या दिवशी निम्मे मोदक त्यांनी वळले होते. त्यांचं माहेर गुहागरचं. त्यांच्या हातचा मोदक असा, की पाकळ्या मोजून घ्याव्यात. पारी इतकी पातळ की आतल्या सारणाचा रंग दिसावा. मला मोदक शिकवले त्यांनीच. त्यांचे चार तास वहीत नव्हते. नवऱ्याने कोथरूड, एरंडवणे असं फिरून डबे पोचवले, ते दोन तासही नव्हते. सगळे मिळून साडेसोळा तास झाले आणि तासाचा दर 176 वर आला. नोकरीपेक्षा कमी.

“आई, तुम्ही घरच्याच ना,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“घरची आहेच. पण सहासष्टची आहे. संकष्टीला एक दिवस वळीन, रोज नाही वळणार. माझ्या बोटांवर दुकान मांडू नकोस.”

मला वाटतं, घरात छंदाचा धंदा करणारे बहुतेक जण इथेच फसतात. घरच्यांची मदत प्रेमाने मिळते म्हणून ती हिशोबात शून्य धरली जाते. मग ऑर्डरी वाढल्या की तेच माणूस थकतं, आणि नफा म्हणून जे दिसत होतं ती त्याची न दिलेली मजुरी होती हे उशिरा कळतं. मी जानेवारीपासून आमच्याच सोसायटीत पोळ्यांना येणाऱ्या मावशींना तासावर बोलावायला लागले. नारळ खवणं, खोके भरणं, भांडी हे त्यांच्याकडे गेलं. सासूबाईंचे तास मी वहीत बाजारभावाने लिहायचे. त्या वेगळे पैसे घेत नसत, पण हिशोबातून ते वजा व्हायचे. यापुढे मी महिन्याला ‘उरले’ म्हणून जे आकडे देतेय ते सगळे ही मजुरी काढून उरलेले आहेत.

आता मागणी. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला की तीस-चाळीस जण नमस्काराचे हात टाकतात. “तू खरंच सुरू कर गं”, “आम्ही आहोत की” असं सगळे म्हणतात. मी ठरवलं की ही वाहवा मोजायची नाही. मोजायची ती फक्त पैसे आगाऊ भरलेली ऑर्डर, आणि तीही वहीत तीन रकान्यांत: ओळखीचे, ओळखीतून आलेले, अनोळखी. अनोळखी माणसाने दुसऱ्यांदा मागवलं की त्यापुढे लाल टिंब. वर्षाचा अंदाज त्या लाल टिंबांवर बांधायचा.

जानेवारी आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आठ आठवडे दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी मोदक मिळतील असं जाहीर केलं. संकष्टी आणि 13 फेब्रुवारीची माघी गणेश जयंती मुद्दाम वेगळ्या पानावर ठेवली. त्या दिवशी जे विकलं जातं ते बाप्पाच्या खात्यावरचं, माझ्या नाही. पहिल्या आठवड्यात अकरा डबे गेले. दुसऱ्यात सात. पाचव्यात तीन. आठ आठवड्यांचे मिळून 41 डबे, आणि त्यातले 26 ओळखीच्यांचे. अनोळखी नऊ. लाल टिंबं दोन.

हे आकडे कशाशी ताडून बघायचे? मला महिन्याला 35 हजार हवे असते तर 290 च्या हिशोबाने 121 डबे विकावे लागले असते. म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस, आणि तेही मजुरी न धरता. माझे जात होते पाच. चव वाईट नव्हती, भाव जास्त नव्हता. गोष्ट एवढीच, की उकडीचा मोदक हा मराठी घरात सणाचा पदार्थ आहे. बुधवारी संध्याकाळी चहाबरोबर खायचा नाही. बरं, तो ठेवताही येत नाही. फ्रीजमध्ये गेला की तांदळाची पारी कडक होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ दिली तरी तो पहिला मऊपणा येत नाही. म्हणजे आज केलं ते आजच खपायला हवं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. नोकरी बरी, संकष्टीला दहा डबे करावेत, हौस भागावी.

वाट सापडली ती निवगऱ्यांमुळे. मोदक करून उकड उरली की तिच्यात हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ घालून छोट्या चपट्या चकत्या थापायच्या आणि त्याच पात्रात वाफवायच्या. आमच्याकडे मोदकांबरोबर निवगऱ्या हव्यातच, गोडावर तिखट म्हणून. मी प्रत्येक डब्यात चार निवगऱ्या फुकट टाकायचे. त्याची कधी किंमत धरली नव्हती, खर्च मात्र होत होता. मार्चमध्ये एका अनोळखी ग्राहकाचा फोन आला. नळ स्टॉपजवळ त्यांचं वास्तुरचनाकारांचं छोटं ऑफिस आहे. म्हणाले, “मोदक नकोत. ते तिखट जे होतं ना, ते पंचवीस माणसांना सकाळी नाश्त्याला मिळेल का? इथे रोज पोहे नाहीतर वडापाव. कंटाळलेत सगळे.”

मला आधी जरा रागच आला, खोटं कशाला बोलू. पाकळ्या घालायला मी तीन वर्षं घालवली होती आणि या माणसाला उरलेल्या उकडीच्या चकत्या हव्या होत्या. सासूबाई हसत होत्या. “विकतंय ते कर,” म्हणाल्या, “पाकळ्या आपण घरी घालू.”

आठ निवगऱ्या, सोबत खोबरं-मिरचीची चटणी, 60 रुपये. माल आणि डबी मिळून 18. चकत्या थापायला हातखंडा लागत नाही, मावशी तासाभरात शिकल्या. पंचवीस प्लेटींना दोनशे निवगऱ्या लागतात, आणि आम्ही दोघी मिळून दीड तासात थापून वाफवतो. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सव्वाआठला ऑफिसात पोचवायच्या, म्हणजे मला तिथून तशीच बाणेरला जाता यायचं. एप्रिलपासून एका बॅडमिंटनच्या ग्रुपने रविवार पकडला, तीस-पस्तीस प्लेटी. या माणसांना मी कोण हे ठाऊकही नव्हतं. लाल टिंबांनी पान भरायला लागलं.

याला एक मर्यादा आहे, ती पहिल्याच महिन्यात दिसली. निवगरी गरम असेपर्यंतच निवगरी. तासाभराने ती घट्ट होते, दीड तासाने रबरासारखी ओढली जाते. एकदा हौसेने खराडीची ऑर्डर घेतली. वाहतुकीत पाऊण तासाचे सव्वा तास झाले आणि पोचल्यावर मी स्वतः एक खाऊन बघितली. पैसे न घेता परत आले. तेव्हापासून कर्वेनगर, कोथरूड, एरंडवणे, वारजे एवढंच माझं पुणं. पिठीचंही शिकले. नव्या तांदळाची उकड चिकट होते, जुन्याला पाणी जास्त लागतं. वासाला आंबेमोहोर हवाच, पण नुसत्या आंबेमोहोराची पारी हाताला चिकटते, म्हणून त्यात बासमतीचा तुकडा मिसळते. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे आणि एकाच गिरणीत दळायचे. पिठीचं नवं पोतं उघडलं की आधी एका वाटीची उकड काढून चार चकत्या वाफवायच्या, मगच मोठी. तीन किलोच्या पातेल्याला मी त्यानंतर हात लावलेला नाही. एका वेळी एक किलो, बस्स.

मध्ये दोन सरकारी गोष्टीही मार्गी लावल्या. घरून खाद्यपदार्थ विकायचे तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असली की साधी नोंदणी पुरत होती, वर्षाचे शंभर रुपये, अर्ज ऑनलाइन. तो चौदा अंकी नंबर खोक्यावर छापावा लागतो. दुसरं म्हणजे गॅस. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. मी वर्षभर तेच करत होते आणि माहीतही नव्हतं. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घेतला तेव्हा गॅसचा खरा खर्च कळला आणि डब्यामागचे 110 रुपये 117 झाले. आणि हो, ऑफिसच्या नेमणूकपत्रात ‘दुसरा व्यवसाय करणार नाही’ असं वाक्य होतं. माझ्याच कपाटातली फाईल, मी कधी वाचली नव्हती. मनुष्यबळ विभागाला रीतसर ईमेल करून परवानगी मागितली. कामाच्या वेळेबाहेर, कंपनीच्या कामाशी संबंध नाही, या अटींवर मिळाली. ती मिळेपर्यंतचे दहा दिवस मला झोप नव्हती.

आता पैसे. नवऱ्याचा पगार हातात 61 हजार. घराचा हप्ता 24,500 धरून महिन्याचा खर्च 70 हजार. माझा पगार गेला तर खड्डा नऊ हजारांचा. एवढा तर निवगऱ्याच भरतील, असं कागदावर दिसत होतं. पण मी तीस-पस्तीस वर्षांची माणसं असाच कागद घेऊन आमच्याकडे राजीनामा द्यायला येताना बघितली होती. म्हणून जानेवारी 2024 पासून आम्ही खेळ मांडला: माझा पगार जणू येतच नाही. पगार जमा झाला की त्याच दिवशी पूर्ण 42 हजार वेगळ्या खात्यात. घर चालवायचं ते नवऱ्याच्या पगारावर आणि मोदक-निवगऱ्यांच्या पैशांवर.

जानेवारी-फेब्रुवारी कसेबसे निघाले. मार्चमध्ये लेकीच्या क्लासचा पहिला हप्ता आला, एप्रिलमध्ये आयुर्विम्याचा, मे अखेर सवलतीत भरायचा म्हणून महापालिकेचा मिळकतकर, जूनमध्ये शाळेची फी. वेगळ्या खात्याला हात लावावा लागला, एकूण 71 हजारांना. तेव्हा कुठे आम्ही दोघांनी बसून वर्षाच्या खर्चांची यादी केली. दिवाळी, गाडीचं सर्व्हिसिंग, सोसायटीची वर्षाची वर्गणी, सगळं मिळून 1 लाख 32 हजार, म्हणजे महिन्याला अकरा हजार. ते आमच्या 70 हजारांत कधी नव्हतेच. ते आजवर माझ्या पगारातून गुपचूप जात होते. खड्डा नऊ हजारांचा नव्हता, वीस हजारांचा होता.

आणि त्यात आणखी साडेतीन हजार. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब. त्यांचा आरोग्यविमा माझ्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत होता. मी सोडलं की तो गेला. स्वतंत्र पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, काही वर्षं त्या आजाराचा दावा मिळत नाही. हे मला नोकरीमुळे माहीत होतं, म्हणून एवढं एक काम मी वेळेवर केलं होतं. ऑक्टोबर 2023 मध्येच, राजीनाम्याचा पत्ता नसताना, सासू-सासऱ्यांची वेगळी पॉलिसी काढली. हप्ता वर्षाला 42 हजार. नवरा म्हणाला, “कंपनीची असताना दुप्पट कशाला?” कारण प्रतीक्षाकाळ कंपनीच्या छत्राखाली जितका सरेल तितका बरा. मधुमेह लपवू नका, असं एजंटाला दोनदा बजावलं. लपवलेला आजार ऐन दाव्याच्या वेळी वर येतो.

म्हणजे माझ्या धंद्याने महिन्याला साडेतेवीस हजार उभे केले पाहिजेत. एप्रिलमध्ये उरले 17,300. मे महिन्यात पुणं रिकामं होतं. बॅडमिंटन ग्रुप सुट्टीवर, लोक गावी, घराघरात आंबे. उरले 11,800. जूनमध्ये 22,600 उरले, पण 25 तारखेला अंगारकी होती. तिचे 4,800 वजा केले की 17,800. तीन महिन्यांची सरासरी साडेपंधरा हजारांच्या जरा वर.

साडेतेवीसला पोचले नव्हते. तरी मी 1 जुलैला राजीनामा दिला. त्यामागचा हिशोब असा. दर महिन्याला साधारण आठ हजार कमी पडणार. ऑगस्टअखेर वेगळ्या खात्यात आठ पगारांचे 3 लाख 36 हजार, त्यातून काढलेले 71 हजार वजा, म्हणजे 2 लाख 65 हजार. तीन थरांचं मोठं मोदकपात्र, नारळ खवायचं यंत्र आणि एक जुना फ्रीजर यांना 52 हजार. आणि त्यात भर ग्रॅच्युइटीची.

ग्रॅच्युइटीची गोष्ट सांगायला हवी. मी कंपनीत रुजू झाले 12 ऑगस्ट 2019 ला. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क, त्याआधी गेलात तर हात हलवत. शेवटचा मूळ पगार 24 हजार, त्याला पंधरा भागिले सव्वीसने गुणायचं आणि पुन्हा पाच वर्षांनी. 69 हजार 230 रुपये. त्या गणपतीच्या रात्री सुजलेल्या बोटांनी पत्र पाठवलं असतं तर हे गेलेच असते. नोटीस साठ दिवसांची होती, म्हणून 1 जुलैला राजीनामा आणि 30 ऑगस्टला शेवटचा दिवस. भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही, हे दोघांनी ठरवलं.

सगळं मिळून 2 लाख 82 हजार. महिन्याला आठ हजार कमी पडले तर जवळजवळ तीन वर्षं पुरतील, सगळेच महिने मे सारखे गेले तर दोन. आम्ही मात्र मुदत बारा महिन्यांची ठेवली. ऑगस्ट 2025 पर्यंत साध्या महिन्यांची सरासरी साडेतेवीसच्या वर गेली नाही, तर खातं निम्म्यावर यायच्या आत मी पुन्हा नोकरी शोधायची.

घरच्यांच्या पाठिंब्याबद्दल लोक विचारतात. नवरा पहिल्या दिवसापासून “कर तू, मी आहे” म्हणत होता. ते ऐकायला छान, पण त्यातून पहाटे चारला कोण उठणार ते कळत नाही. म्हणून जूनमधल्या एका रविवारी मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि ‘तुम्ही काय कराल’ ऐवजी ‘तुम्हाला काय नको आहे’ ते विचारलं. उत्तरं भराभर आली. सासऱ्यांना पहाटे मिक्सरचा आवाज नको होता, त्यांची झोपच मोडते. चटणी मग आदल्या रात्री वाटायचं ठरलं. लेकीला तिच्या खोलीत खोक्यांचे गठ्ठे नको होते. नवऱ्याला रविवारी सकाळी डबे पोचवायचे नव्हते. दोन वर्षांत हे त्याने पहिल्यांदा तोंडाने सांगितलं, कारण त्याचा पर्वतीला जायचा जुना नेम माझ्यामुळे मोडला होता. रविवारसाठी ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाला फेरीवर पैसे द्यायचे ठरले.

सासूबाईंनी सगळ्यांत शेवटी सांगितलं. “बाप्पाचा मोदक काट्यावर तोलायचा नाही.”

मी प्रत्येक मोदकाला सारण तोलून घालायचे, वीस ग्रॅम. नाहीतर शेवटच्या डब्याला सारण कमी पडतं. त्यांना ते बघवत नव्हतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. घरातला एक जुना पितळी चमचा काढला, सपाट भरला की सारण बरोबर वीस ग्रॅम. काटा ओट्यावरून कपाटात गेला.

7 सप्टेंबर 2024 ची चतुर्थी शनिवारी आली. तीस डब्यांवर यादी बंद केली आणि बाकीच्यांना नाही म्हटलं. नाही म्हणताना जीव तुटत होता. एकही मोदक फुटला नाही असं म्हणणार नव्हते, चार फुटले. ते आम्हीच खाल्ले.

मग पितृपक्ष लागला. पंधरा दिवसांत मोदकांचा एकही डबा गेला नाही, आणि जाणार नाही हे माहीतच होतं. 1 ऑक्टोबरला मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी नळ स्टॉपच्या त्या ऑफिसात पोचले. आता चाळीस प्लेटी लागतात, वरच्या मजल्यावरच्या लोकांनीही सुरू केल्यात. शिपाईकाका दार उघडायला आले, डब्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, “आज जरा कोमट वाटतायत ताई.”

कर्वे रस्त्यावर सिग्नलला दहा मिनिटं अडकले होते. दुसऱ्या दिवसापासून डब्याला आतून जाड टॉवेल गुंडाळायला लागले.